पेल्यातली गुठळी, शिरेतले औषध

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात, कोलोरॅडो विद्यापीठाच्या शस्त्रक्रियागृहात, तीन वर्षांच्या एका मुलाचे पोट उघडले गेले. जन्मापासूनच त्याच्या पित्तनलिका बंद होत्या आणि यकृत कडक होऊन निकामी झाले होते. शल्यचिकित्सक थॉमस स्टार्झल त्याला दुसऱ्या मुलाचे यकृत बसवणार होते. माणसावर असे प्रत्यारोपण त्याआधी कोणीही केलेले नव्हते. आजारी यकृतातून रक्त पुढे सरकत नसल्याने पोटातल्या शिरा फुगल्या होत्या, आणि आधीच्या शस्त्रक्रियांच्या व्रणांतही बारीक शिरांचे जाळे पसरले होते. जिथे सुरी लागेल तिथून रक्त येत होते. त्यात हे रक्त गोठेनासे झाले. टाके घातले, दाबून धरले, बाहेरून रक्त दिले, तरी ते झिरपत राहिले. मूल टेबलावरच गेले.

त्याच वर्षी स्टार्झल यांनी आणखी चार रुग्णांवर प्रत्यारोपण केले. हे चौघे टेबलावरून उठले, पण कोणीही महिनाभर जगले नाही. पहिल्या मुलाच्या मृत्यूने धडा शिकलेल्या या गटाने रक्त गोठावे म्हणून फायब्रिनोजेन दिले आणि गुठळी विरघळू नये म्हणून एप्सिलॉन अमिनोकॅप्रोइक आम्ल नावाचे औषधही वापरले. शस्त्रक्रियेच्या वेळी पायांकडचे रक्त वळवून हृदयाकडे नेण्यासाठी प्लास्टिकच्या नळ्या जोडल्या जात. त्या नळ्यांत आता गुठळ्या धरू लागल्या आणि त्या वाहत फुप्फुसांत जाऊन अडकल्या. एका टोकाला रक्त गोठत नव्हते म्हणून मृत्यू आला होता. दुसऱ्या टोकाला ते नको तिथे गोठले. १९६४च्या सुरुवातीपर्यंत डेन्व्हर, बोस्टन आणि पॅरिस मिळून सात प्रयत्न झाले होते आणि सातही रुग्ण गेले होते. त्यानंतर स्टार्झल यांनी यकृत प्रत्यारोपण थांबवले, ते १९६७च्या जुलैपर्यंत.

शस्त्रक्रिया चालू असताना रक्ताचे नेमके काय बिघडले आहे, आणि ते सुधारणारे औषध या रुग्णाला आत्ता द्यावे की नाही, हा प्रश्न या सात मृत्यूंनी पुढे ठेवला. त्याचे उत्तर देणारे यंत्र तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि डेन्व्हरच्या गटाने ते वापरलेही होते. पण त्याला नेमका प्रश्न कसा विचारायचा, हे समजायला आणखी वीस वर्षे लागली.

हायडेलबर्गची दांडी

हे यंत्र हेल्मूट हार्टर्ट या जर्मन डॉक्टरने हायडेलबर्ग येथे तयार केले आणि १९४८ साली 'क्लिनिशे वोखेनश्रिफ्ट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने त्याला थ्रॉम्बेलास्टोग्राफ म्हटले, म्हणजे गुठळीचा लवचीकपणा रेखाटणारे यंत्र. आज डॉक्टर त्याला टीईजी म्हणतात.

त्याची रचना ज्याने ताक घुसळताना पाहिले आहे त्याला लगेच कळेल. एक छोटा पोलादी पेला, त्यात थोडेसे ताजे रक्त. नंतरच्या यंत्रांत हे रक्त ०.३६ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम सात-आठ थेंब असते. पेला ३७ अंश सेल्सिअसवर, शरीराइतका उबदार ठेवलेला. त्याच्या मध्यावर एक दांडी वरून बारीक तारेने टांगलेली, पेल्याला कुठेही न टेकणारी. ताक करताना रवी फिरते आणि भांडे स्थिर राहते. इथे भांडे फिरते आणि रवी स्वस्थ लोंबते. पेला एका बाजूला पावणेपाच अंश वळतो, क्षणभर थांबतो, परत दुसऱ्या बाजूला वळतो. एक फेरा दहा सेकंदांचा.

रक्त पातळ आहे तोवर पेला दांडीभोवती नुसता फिरत राहतो, दांडीला त्याचा पत्ता लागत नाही. मग रक्तात फायब्रिनचे पहिले धागे तयार होतात. ते पेल्याच्या भिंतीला आणि दांडीला दोन्हीकडे चिकटतात आणि पेला वळला की दांडीलाही किंचित ओढतात. धागे वाढतात, प्लेटलेट त्यांना आवळून धरतात, गुठळी घट्ट होते आणि दांडी पेल्याबरोबर अधिकाधिक वळू लागते. हार्टर्टने दांडीच्या तारेवर इवलासा आरसा बसवला होता. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका सरकत्या फिल्मवर पडे. दांडी स्थिर असताना फिल्मवर एकच सरळ रेघ उमटे. दांडी हलू लागली की ती रेघ दुभंगे, आणि दोन्ही फांद्या एकमेकींपासून दूर जात.

या चित्राचे वाचन अवघड नाही. रेघ दुभंगेपर्यंत लागलेला वेळ म्हणजे रक्त गोठायला सुरुवात होण्याचा वेळ. त्याला 'आर' म्हणतात. फांद्या किती तिरक्या उघडतात त्यावरून गुठळी किती झपाट्याने बांधली जाते ते कळते. त्यांच्यातले सर्वांत मोठे अंतर मिलिमीटरमध्ये मोजले की गुठळी किती भक्कम झाली ते समजते. त्याला 'एमए' म्हणतात. ताज्या, काहीही न मिसळलेल्या रक्तात आर साधारण ६ ते ८ मिनिटे आणि एमए ५० ते ७० मिलिमीटर असतो. निरोगी माणसाचे चित्र स्वयंपाकघरातल्या चिमट्यासारखे दिसते: एका टोकाला दांडा, मग उघडलेले आणि पुढे समांतर जाणारे दोन पाय. हे पाय तासभर जवळजवळ तसेच राहतात, कारण चांगली गुठळी टिकते.

पण गुठळी विरघळू लागली तर पाय परत जवळ येतात. फार वेगाने विरघळली तर चित्र जवाच्या दाण्यासारखे होते, मधे थोडे फुगलेले आणि दोन्हीकडे निमुळते. दाण्याच्या पुढे पुन्हा एकच सरळ रेघ. पेल्यात गुठळी झाली होती, आणि आता ती नाही.

हे शेवटचे दृश्य दाखवणे इतर चाचण्यांना जमत नव्हते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गोठण्याची चाचणी करताना आधी रक्तातल्या पेशी आणि प्लेटलेट बाजूला काढतात, उरलेल्या प्लाझ्मात रसायन घालतात आणि पहिला धागा दिसला की घड्याळ थांबवतात. विरजण लावून दही लागायला सुरुवात कधी झाली एवढेच पाहावे, दही किती घट्ट झाले आणि पुढे त्याला पाणी सुटले का हे पाहूच नये, तसे ते आहे. शिवाय नमुना खाली पाठवून उत्तर वर येईपर्यंत पाऊण तास सहज जातो. ज्या रुग्णाचे रक्त मिनिटामिनिटाला बदलते आहे त्याच्यासाठी ते उत्तर जुने झालेले असते.

तरीही हार्टर्टचे यंत्र बराच काळ मागे पडून राहिले. ते धक्क्याने बिघडे, पाहणाऱ्याचा हात आणि डोळा तयार असावा लागे, आणि एका नमुन्याला तासभर लागे. ज्या प्रयोगशाळेत दिवसाला शेकडो नमुने येतात तिथे त्याला जागा नव्हती. जिथे एकाच रुग्णाभोवती सगळे जण आठ-दहा तास उभे आहेत आणि दर तासाला त्याचे रक्त वेगळे वागते आहे, अशी जागा त्याला हवी होती.

यकृत नसतानाचा तास

अशी जागा यकृत प्रत्यारोपणाने दिली. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतात बनतात, त्यामुळे यकृत निकामी झालेल्या माणसाचे रक्त आधीच अधू असते. पण डेन्व्हरमध्ये जे घडले त्याचे मोठे कारण दुसरे होते.

गुठळी जशी बनते तशीच ती काम झाल्यावर विरघळायलाही हवी. त्यासाठी रक्तवाहिन्यांचे अस्तर टीपीए नावाचे प्रथिन सोडते. ते फायब्रिनचे धागे कापणाऱ्या प्लाझ्मिनला जागे करते. रक्तात आलेले टीपीए काही मिनिटांत गाळून नाहीसे करण्याचे काम यकृताचे. प्रत्यारोपणात जुने यकृत काढले की नवे जोडून होईपर्यंत तासभर तरी शरीरात यकृतच नसते. टीपीए साचत जाते. मग नव्या यकृताच्या शिरांवरचे चिमटे काढले जातात आणि रक्त आत शिरते. बर्फात ठेवलेल्या, काही तास रक्ताविना राहिलेल्या त्या यकृतातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावलेले असते. तेही टीपीए सोडते आणि त्याची एकदम लाट येते. त्या लाटेत आधी बनलेल्या गुठळ्याही विरघळू लागतात. शल्यचिकित्सकाने तासापूर्वी कोरडी केलेली जागा पुन्हा ओली होते.

पण याच क्षणी रक्त गळण्याची आणखी तीन-चार कारणे हजर असतात. अवयव काढण्यापूर्वी दात्याला रक्त पातळ करणारे हेपॅरिन दिलेले असते. त्यातले थोडे नव्या यकृताबरोबर येते. तासन्‌तास रक्त देऊन प्लेटलेट विरळ झालेल्या असतात. रक्ताच्या पिशव्यांतले सायट्रेट यकृताअभावी साचते आणि रक्तातले कॅल्शियम खाली ओढते, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. शिवाय एखादी शीर खरोखर उघडी राहिलेली असू शकते. टेबलाशी उभे राहून पाहिले तर या सर्वांचे रूप एकच असते: रक्त येते आहे. इलाज मात्र प्रत्येकाचा वेगळा, आणि चुकीचा इलाज नुसता वाया जात नाही. विरघळणे थांबवणारे औषध ज्याला नको होते त्याला दिले तर काय होऊ शकते, ते १९६३ साली नळ्यांत दिसले होते.

आणखी एक गोष्ट. नवे यकृत चांगले असेल तर ते तास-दोन तासांत स्वतःच कामाला लागते, टीपीए गाळते आणि विरघळणे आपोआप ओसरते. म्हणजे ज्यांच्या पेल्यात जवाचा दाणा दिसतो त्यांतल्या सगळ्यांना औषध लागतेच असे नाही. कोणाला थांबता येईल आणि कोणाला नाही, हे ओळखायचे होते.

पिट्सबर्गचे तीन पेले

१९८१च्या सुरुवातीला स्टार्झल पिट्सबर्ग विद्यापीठात आले. सायक्लोस्पोरिन या नव्या औषधामुळे शरीराने अवयव नाकारण्याचे प्रमाण घटले होते, प्रत्यारोपणे झपाट्याने वाढली आणि रक्तस्राव हीच मोठी अडचण उरली. काही शस्त्रक्रियांत शंभरहून अधिक पिशव्या रक्त लागे. भूलतज्ज्ञ यू गू कांग यांनी जुने टीईजी यंत्र शस्त्रक्रियेच्या वेळी नियमाने लावायला सुरुवात केली. १९८५ साली त्यांच्या गटाने ६६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रेघ पाहून रक्तघटक दिले, तेव्हा यंत्र न वापरता केलेल्या आधीच्या शस्त्रक्रियांच्या तुलनेत रक्त आणि इतर द्रव मिळून सुमारे ३३ टक्के कमी लागले. तुलना आधीच्या रुग्णांशी होती आणि त्याच काळात शल्यचिकित्सकांचा हातही सुधारत होता, हे ध्यानात ठेवायला हवे.

त्यांची रीत सरळ होती. आर १५ मिनिटांच्या पुढे गेला तर गोठवणारी प्रथिने कमी आहेत, प्लाझ्मा द्या. एमए ४० मिलिमीटरच्या खाली गेला तर प्लेटलेट द्या. ते करूनही रेघा सावकाशच उघडत असतील तर फायब्रिनोजेनने समृद्ध असलेले क्रायोप्रेसिपिटेट द्या. प्रश्न होता तो विरघळण्याचा. त्यावर या गटाने काढलेला मार्ग या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. औषध रुग्णाला देण्याआधी ते पेल्यातल्या रक्ताला द्यायचे.

हे कसे चाले ते समजण्यासाठी एक शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे आणू. ही विशिष्ट व्यक्तीची नोंद नाही; आकडे अशा वेळी जसे दिसतात तसे घेतले आहेत.

रुग्ण चाळिशीतली बाई, यकृत कडक झालेले. सुरुवातीच्या नमुन्यात आर ९ मिनिटे, एमए ४४. गुठळी कमजोर आहे, पण जखम कोरडी आहे. भूलतज्ज्ञ काही देत नाही, कारण इलाज रक्तस्रावाचा करायचा असतो, कागदाचा नाही. जुने यकृत निघाल्यावर आर १६ मिनिटांवर जातो आणि कडेने रक्त झिरपू लागते. दोन पिशव्या प्लाझ्मा जातो. कॅल्शियम मोजून भरून काढले जाते.

मग चिमटे निघतात. नवे यकृत गुलाबी होते. पाच मिनिटांनी धमनीतून नमुना काढला जातो. या रक्तात गोठू न देणारे काहीही मिसळलेले नाही, म्हणून चार मिनिटांच्या आत ते पेल्यात जायला हवे. तेच रक्त तीन पेल्यांत वाटले जाते. पहिल्यात नुसते रक्त. दुसऱ्यात रक्त आणि अमिनोकॅप्रोइक आम्लाचा अंश. तिसऱ्यात रक्त आणि प्रोटॅमिनचा अंश, म्हणजे हेपॅरिन निष्प्रभ करणारे औषध.

पहिल्या पेल्याची रेघ १४ मिनिटांनी दुभंगते, कशीबशी २५ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि पुढच्या अर्ध्या तासात मिटून जाते. जवाचा दाणा. तिसऱ्याची रेघ पहिल्यासारखीच वागते, म्हणजे हेपॅरिन हा मुख्य दोष नाही. दुसऱ्याची मात्र ४५ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि तशीच राहते. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास, पहिला दाणा पुरता मिटण्याआधीच, दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की फरक उघड दिसतो. या बाईच्या रक्तात घट्ट गुठळी बांधण्याइतका माल आहे; ती बांधली जात असतानाच कुरतडली जाते आहे. प्लेटलेटच्या पिशव्या ओतून ते थांबणार नाही.

आता भूलतज्ज्ञ जखमेकडे पाहतो. ती कोरडी असती तर त्याने आणखी अर्धा तास वाट पाहिली असती. पण चारी बाजूंनी रक्त झिरपते आहे. १ ग्रॅम अमिनोकॅप्रोइक आम्ल शिरेतून जाते. ही मात्रा मुद्दाम लहान ठेवलेली. पाऊण तासाने नवा नमुना लागतो तेव्हा साध्या पेल्यातली रेघही उघडी राहते. जखम कोरडी होते, एक कोपरा सोडून. तिथून अजून रक्त येते आहे. रेघ आता चांगली आहे, म्हणून शल्यचिकित्सक त्या कोपऱ्यात औषध नव्हे, शीर शोधतो. ती सापडते आणि एका टाक्याने बंद होते.

दुसऱ्या पेल्यातली रेघही पहिल्यासारखीच मिटली असती किंवा अरुंदच राहिली असती, तर हे औषध दिले गेले नसते. पेल्यात जे उपयोगी पडले नाही ते शिरेत घालायचे नाही, हा नियम.

१९८७ साली कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९७ प्रौढ रुग्णांची हकिगत मांडली. त्यांपैकी फक्त २० जणांना, ज्यांच्यात विरघळणे तीव्र होते आणि ज्यांच्या पेल्यात औषधाने फरक दिसला होता, ते एक ग्रॅम दिले गेले. त्यांच्यात या औषधामुळे रक्तस्रावाची किंवा नको तिथे गुठळी होण्याची आपत्ती आली नाही. औषध तेच होते, जे चोवीस वर्षांपूर्वी डेन्व्हरला वापरले होते. नळ्याही आता पंपावर चालणाऱ्या, रक्त साकळू न देणाऱ्या होत्या, म्हणून सगळे श्रेय पेल्याला देणे बरोबर नाही. पण ९७ मधले २० निवडणे पेल्यामुळेच शक्य झाले.

पेल्याची पुढची पिढी

ही दोन पेल्यांची तुलना नंतर यंत्रातच बांधली गेली. १९९०च्या दशकात जर्मनीत रोटेम नावाचा प्रकार विकसित झाला. त्यात पेला स्थिर असतो आणि दांडी फिरते, म्हणजे घुसळण पुन्हा रवीने. त्यामुळे धक्क्यांचा त्रास कमी झाला. गोठणे लवकर सुरू करणारे रसायन घातल्याने अर्ध्या तासाऐवजी पाच-दहा मिनिटांत अंदाज येऊ लागला. त्यात एकाच रुग्णाचे रक्त चार पेल्यांत शेजारी शेजारी चालते. एक्सटेम या पेल्यात साधी गुठळी दिसते. आपटेममध्ये विरघळणे थांबवणारे औषध आधीच घातलेले असते. एक्सटेम मिटते आणि आपटेम टिकते, तर दोष विरघळण्याचा. हेपटेममध्ये हेपॅरिन नाहीसे करणारे द्रव्य असते. फिबटेममध्ये प्लेटलेटना निष्क्रिय करतात आणि नुसत्या फायब्रिनच्या बळावर गुठळी किती होते ते पाहतात. एक्सटेम अरुंद आणि फिबटेमही अगदी अरुंद, तर फायब्रिनोजेन कमी. फिबटेम ठीक आणि एक्सटेम अरुंद, तर प्लेटलेट कमी. पिट्सबर्गमध्ये हाताने केलेला विचारच इथे रसायनांच्या रूपाने पेल्यात बसवला आहे.

पुन्हा डेन्व्हर

हृदयशस्त्रक्रियेत ही चाचणी लवकर रुळली. मोठ्या अपघातातल्या जखमींपर्यंत ती उशिरा पोहोचली. रस्त्यावर चेंगरलेला किंवा गोळी लागलेला माणूस येतो तेव्हा त्याचे रक्त अनेकदा रुग्णालयात पोहोचण्याआधीच बिघडलेले असते. जोराचा मार आणि रक्तदाब खचणे यांमुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर इथेही टीपीए सोडते. यकृत असूनही ते पुरे पडत नाही.

या अभ्यासातले महत्त्वाचे काम पुन्हा डेन्व्हरलाच झाले. २०१४ साली तिथल्या गटाने १८० गंभीर जखमींच्या रेघा तपासल्या. १८ टक्के जखमींमध्ये गुठळी फार वेगाने विरघळत होती आणि त्यांच्यातले ४४ टक्के दगावले. पण ६४ टक्के जखमींमध्ये उलट चित्र होते: विरघळणे जवळजवळ बंद पडलेले. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण १७ टक्के होते. उरलेल्या १८ टक्क्यांत, जिथे विरघळणे बेताचे होते, ते अवघे ३ टक्के. १९६३ सालची दोन्ही टोके इथे पुन्हा समोर आली, आणि या वेळी ती एकाच तक्त्यात होती. विरघळणे थांबवणारे औषध प्रत्येक जखमीला द्यावे की रेघ पाहून द्यावे, हा वाद यातून वाढला. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल या त्याच जातीच्या औषधाच्या क्रॅश-२ चाचणीत वीस हजारांहून अधिक जखमी होते. तिच्या २०१० आणि २०११ सालच्या निकालांनी दाखवले होते की दुखापतीनंतर पहिल्या तीन तासांत ते सरसकट दिल्यासही मृत्यू कमी होतात. ज्या रुग्णालयात यंत्र नाही तिथे त्या तीन तासांचे मोल मोठे आहे, आणि रेघेची वाट पाहण्यात ते दवडणे चूक ठरेल.

२०१६ साली डेन्व्हरच्याच गटाने १११ जखमींची चाचणी प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन भाग केले होते. ५६ जणांना टीईजी पाहून रक्तघटक दिले, ५५ जणांना नेहमीच्या प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून. पहिल्या गटात ११ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०. पहिल्या गटाला सुरुवातीच्या तासांत प्लाझ्मा आणि प्लेटलेट कमी लागले. मात्र हे एकाच रुग्णालयातले थोडे रुग्ण होते. त्यानंतर युरोपातल्या सात केंद्रांनी मिळून ३९६ जखमींवर असाच प्रयोग केला आणि २०२१ साली निकाल छापला. चोवीस तासांनंतर हयात असलेले आणि प्रचंड रक्त न लागलेले रुग्ण रेघ पाहून उपचार केलेल्या गटात ६७ टक्के, नेहमीच्या चाचण्यांच्या गटात ६४ टक्के. हा फरक इतका कमी होता की त्यावरून काहीच ठरवता येत नव्हते. दोन्ही गटांना सुरुवातीपासूनच रक्त, प्लाझ्मा आणि प्लेटलेट बरोबरीने मिळत होते आणि ट्रॅनेक्झॅमिक आम्लही दिले जात होते. पायाभूत उपचार इतके नीट असतील तर रेघेला भर घालायला थोडी जागा उरते, असा त्याचा एक अर्थ आहे.

रेघ जे पाहत नाही

म्हणून या यंत्राच्या मर्यादा नेमक्या ठाऊक हव्यात. पेला ३७ अंशांवर असतो. जखमीचे शरीर ३३ अंशांवर गेले असेल तर त्याचे रक्त शरीरात नीट गोठत नाही, पण पेल्यात उबदार होऊन छान गोठते आणि रेघ खोटी आशा दाखवते. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या प्लेटलेट दुबळ्या असतात, पण पेल्यात तयार होणारे थ्रॉम्बिन इतके जोरकस असते की त्याच्या धक्क्याने त्या जाग्या होतात. एमए सरळ येतो आणि रुग्ण गळतच राहतो. पेल्यात रक्त वाहत नाही आणि त्याला रक्तवाहिनीची भिंत नसते. त्यामुळे वाहत्या रक्तात प्लेटलेटना भिंतीशी चिकटवणाऱ्या व्हॉन विलेब्रांड प्रथिनाची उणीव त्यात उमटत नाही. हलके विरघळणेही त्यातून निसटते. रेघ मिटू लागते ती टीपीएचा जोर बराच वाढल्यावर.

आणि उघडी शीर ते कधीच दाखवत नाही. चिमट्यासारखी सुरेख रेघ आणि तरीही येणारे रक्त, हे दोन्ही एकत्र दिसले की त्याचा अर्थ एकच असतो: शल्यचिकित्सकाने पुन्हा आत पाहायचे. शंका आली तर रुग्णाचे तापमान, तो घेत असलेली औषधे, कॅल्शियम आणि जखम या चार गोष्टी रेघेशेजारी ठेवून पाहायच्या. त्या जुळत नसतील तर विश्वास जखमेवर ठेवायचा.

पावणेपाच अंश इकडे, पावणेपाच अंश तिकडे फिरणाऱ्या त्या पेल्याने डॉक्टरांना भविष्य सांगितले नाही. सात-आठ थेंब रुग्णाबाहेर ठेवून त्यांच्यावर आधी चूक करून पाहण्याची सोय त्याने करून दिली. त्या थेंबांत औषध चुकले तर एक पेला फेकावा लागतो. १९६३ साली डेन्व्हरमध्ये ही परीक्षा रुग्णाच्या शिरेतच होत होती.